आरवलीच्या पुढे, रात्री दीडला

बी-५०३: कोणी जागं आहे का? आम्ही कुडाळला निघालोय. आरवली सोडून थोडं पुढे आलो आणि लेकीला धाप लागली. इन्हेलर दाबला की फुस्स होतंय पण फरक नाही. मॅपवर '२४ तास' लिहिलेल्या मेडिकलपाशी जाऊन आलो, कुलूप आहे.

ए-२०२ काका: मी आहे. घाबरू नकोस. गाडी कोण चालवतंय?

बी-५०३: हे चालवतायत. मी मागे तिच्याजवळ.

ए-२०२ काका: आता एकेक मेडिकल बघत फिरू नका. त्या '२४ तास'चा भरवसा नाही, दुकानवाल्याने कधीतरी भरलेलं असतं. मॅपवर मेडिकल शोधूच नका, पेशंट भरती करणारं हॉस्पिटल शोधा. रात्री आत पेशंट असले की त्यांचं स्वतःचं मेडिकल बहुधा उघडं असतं, आणि वेळ आली तर डॉक्टरही तिथेच.

बी-५०३: पुढे संगमेश्वर आहे ना? तिथे जाऊ का?

ए-२०२ काका: संगमेश्वरला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मागे सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेजचं. सगळे विभाग, कॅज्युअल्टी रात्रभर. मी तुमच्या जागी असतो तर मागे वळलो असतो. उलट जायचं जिवावर येतं, पण वाट बघत पुढे जाण्यापेक्षा खात्रीची जागा बरी.

सी-४०३ डॉक्टरताई: फोन वाजला म्हणून उठले. आधी सांग, ती पूर्ण वाक्य बोलू शकते का? ओठ निळे आहेत का? बरगड्यांमधली जागा श्वास घेताना आत ओढली जाते का?

बी-५०३: बोलतेय, पण मध्ये थांबून. ओठ ठीक. टीशर्ट वर करून बघितलं, थोडं आत जातंय.

सी-४०३ डॉक्टरताई: मग काका म्हणतात तसं हॉस्पिटललाच न्या, नुसतं औषध घेऊन भागणार नाही. तिला बसवूनच ठेवा, आडवं करू नका. बोलणं आणखी तुटायला लागलं, ओठ निळे झाले किंवा ती सुस्तावली तर गाडी थांबवून १०८ ला फोन करा. कुठे आहात ते सांगताना शेजारचं गाव आणि रस्त्यावरच्या दगडावरचा किलोमीटर सांगा.

डी-१०४ काकू: निलगिरीचं तेल रुमालावर टाकून हुंगायला द्या ना.

सी-४०३ डॉक्टरताई: काकू, नको. दम्यात उग्र वासाने उलट त्रास वाढू शकतो. आणि बाळा, इन्हेलरच्या मागे आकडा आहे का बघ. शून्य असेल तर नुसता गॅस बाहेर येतोय. औषध संपलं तरी फवारा येतच राहतो, म्हणून लोकांना कळत नाही.

बी-५०३: शून्यच आहे! ताई, आणि पेट्रोलचा दिवाही लागलाय. 😣

ए-२०२ काका: दिवा लागल्यावर साधारण चाळीस किलोमीटर तरी जाते. सावर्डे तेवढं लांब नाही. वेग साठच्या आसपास ठेवा, एसी बंद. आधी हॉस्पिटल, मग पंप. आणि वळताना जपून, चौपदरी झालेल्या भागात दुभाजक फुटलेला दिसेपर्यंत पुढे जावं लागतं. चुकीच्या बाजूने घुसू नका.

सी-४०३ डॉक्टरताई: जुनी चिठ्ठी असेल तर फोटो उघडून ठेव. तिथल्या डॉक्टरांनाही दाखव, आधी काय दिलंय ते कळतं. नेब्युलायझेशन तेच लावतील.

बी-५०३: वळलो. फोन ठेवते.

ए-२०२ काका: पोचलात की नुसता एक टिंब टाक.

(२:२०)

बी-५०३: .

बी-५०३: आत घेतलं. नेब्युलायझर सुरू आहे, आता जरा शांत वाटतेय. तिथल्याच मेडिकलमधून नवा इन्हेलर आणि स्पेसर घेतला. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत इथेच थांबा.

सी-४०३ डॉक्टरताई: थांबाच. बरं वाटलं म्हणून लगेच निघू नका, काही तासांनी परत जोर करू शकतो.

डी-१०४ काकू: 🙏 आणि पेट्रोल?

बी-५०३: हे आत्ता भरून आले. दिवे चालू पण दारात साखळी. हॉर्न दिल्यावर आतून एक मुलगा उठून आला. नेट नव्हतं, यूपीआय चाललं नाही, नशिबाने पाचशेची नोट होती.

ए-२०२ काका: साखळी दिसली म्हणून पुढे जायचं नाही. रात्री एकच माणूस असतो, तो पाठ टेकतो. आत ट्रक उभे दिसले तर तिथल्या ड्रायव्हरला विचारायचं, कुठला पंप देतोय ते त्यांना माहीत असतं.

डी-१०४ काकू: आम्ही गणपतीत सावंतवाडीला जाणार आहोत. रात्रीची अशी ठिकाणं लिहून द्या ना कुणीतरी.

ए-२०२ काका: काकू, उत्तरेकडून सांगतो. चिपळूणजवळ कामथे उपजिल्हा रुग्णालय, मग डेरवण, हातखंब्याहून आत रत्नागिरी जिल्हा रुग्णालय, कणकवली उपजिल्हा रुग्णालय, मग ओरोस जिल्हा रुग्णालय. मधल्या भागात रात्री फार आशा ठेवू नका. आणि टाकी अर्धी झाली की चिपळूण सोडण्याआधी भरायची.

डी-१०४ काकू: उद्या सकाळी मोठ्या अक्षरात टाका, चष्मा नाही आत्ता.