मदत हवी आहे: फ्रीजरमधला आमरस पाणचट, नारळाची ढेप, नारळी पौर्णिमा तोंडावर

जुळे_सोलापूरकरीण
लवकर सांगा कुणीतरी. मे महिन्यात दोन डझन हापूसचा रस काढून फ्रीजरला टाकला होता. तीनेक किलो भरला, तीन डब्यांत. सोबत सहा नारळ खोवून पिशवीत. परवा पहिला डबा काढला तर वर तपकिरी थर, कडेनं पाणी सुटलेलं आणि मध्ये दगड. नारळ तर बत्त्यानं फोडावा लागला, वर साबणासारखी चव. गेल्या वर्षी पुण्याच्या जावेनं असंच केलेलं, तिचं मस्त राहिलं. पुढच्या आठवड्यात नणंदा येणार, आंबा घालून नारळी भात करायचाय. उरलेल्या दोन डब्यांचं काय करू?

मंदाकाकू
रसात साखर घातली होती का? नसणारच. किलोला पाव किलो साखर घालायची, वर्षभर काही होत नाही. माझ्या सासूबाई आटवून बरणीत ठेवायच्या, तेव्हा कुठला आला फ्रीज!

तिरकस
काकू, आटवलेला रस वेगळा आणि गोठवलेला वेगळा. धागा गोठवण्याचा आहे.

खवणीवाला
आधी हे सांगा: डबा किती मोठा, कशावर ठेवून वितळवला, किती वेळ? आणि फ्रीजर म्हणजे नेमका कोणता?

जुळे_सोलापूरकरीण
डबा एक किलोचा, स्टीलचा. सकाळी ओट्यावर काढून ठेवला, दुपारी दोनला बघितला. फ्रीजर म्हणजे फ्रीजरच की ओ, फ्रीजचा वरचा कप्पा.

माढेकर
एवढा खटाटोप कशाला? डबाबंद पल्प मिळतो, आणा आणि मोकळे व्हा. आणि नारळी भाताला आंबा कोण घालतं?

खवणीवाला
एक किलोचा जाड डबा हाच पहिला घोटाळा. कडा आधी गोठतात, मधला रस कित्येक तासांनी. सावकाश गोठला की बर्फाचे मोठे खडे होतात, गराचे तंतू फाटतात आणि वितळताना पाणी वेगळं पडतं. काढतानाही तेच उलटं. कडा चार तास ओट्यावर कोमट, मध्ये बर्फ. आंबायला सुरुवात कडेनंच होते.
पण नारळाची ढेप मला खटकतेय. पिशवीत भरताना मोकळा होता का?

जुळे_सोलापूरकरीण
हो, ताटात पसरून तासभर गोठवला, मग पिशवीत भरला. जावेनंच सांगितलं होतं. तेव्हा भुरभुरीत होता, चमच्यानं निघायचा. म्हणून तर चिडचिड होतेय.

खवणीवाला
मग तो मधे कधीतरी वितळलाय. मोकळा गोठवलेला चव न वितळता ढेप होत नाही. लाईट किती वेळ जाते?

जुळे_सोलापूरकरीण
मेमध्ये एकदोनदा तीनचार तास गेली असेल. एवढ्यानं होतं का?

तिरकस
भरलेला कप्पा न उघडता तेवढं सोसतो. सोलापूरच्या मेमध्येही.

खवणीवाला
सिंगल डोअर आहे ना? बर्फ साचला की मधलं बटण दाबता का?

जुळे_सोलापूरकरीण
दर रविवारी. नाहीतर डबे चिकटतात, निघत नाहीत.

खवणीवाला
सापडलं. ते बटण दाबलं की कंप्रेसर थांबतो आणि कप्प्यातला बर्फ पाणी होईपर्यंत थांबलेलाच राहतो. कप्पा शून्याच्या वर जातो. मे ते आता, म्हणजे दहाबारा वेळा तुमचा रस अर्धामुर्धा वितळून पुन्हा गोठला. जावेचा डबल डोअर असणार, तो स्वतःचा बर्फ स्वतःच काढतो. थोडा तापतो, पण मिनिटांपुरता.
पुढच्या वेळी रविवारचं बटण विसरा. कप्पा रिकामा असेल तेव्हाच बर्फ काढा. खात्री करायची सोपी युक्ती: वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपया ठेवा. रुपया आत बुडालेला दिसला की समजा, कप्पा वितळला होता.

जुळे_सोलापूरकरीण
अगं बाई. आणि मी आंबेवाल्याला शिव्या घालत होते.

मंदाकाकू
साखर घातली असती तर हे झालंच नसतं.

खवणीवाला
काकू, अर्धं बरोबर. साखरेनं रंग आणि पोत बरा राहतो. पण साखरेचा रस छोट्या कप्प्यात दगडासारखा होतही नाही, मऊसर राहतो, आणि लोकांना वाटतं गोठलाच नाही. दर आठवड्याच्या वितळण्यावर मात्र साखर औषध नाही.

विजापूरवेस
किलोला एक चमचा लिंबू पिळा, काळा पडत नाही.

मंदाकाकू
हापूसमध्ये लिंबू! घशाखाली जाईल का?

विजापूरवेस
एका चमच्यानं चव कळत नाही काकू, करून बघा.

मंदाकाकू
मला कळते.

खवणीवाला
तुमचं चालू द्या. वरचा तपकिरी थर हवेमुळे. डबा अर्धा रिकामा असेल तर रसावर प्लॅस्टिक टेकवून बसवा. पण खरा उपाय पातळ पुड्या. झिपच्या पिशवीत एक वाटी रस, हवा काढून, ताटावर आडवी, बोटाच्या जाडीची चपटी. तीनचार तासांत कडक होते, मग पुस्तकांसारख्या उभ्या रचायच्या. वापरताना बंद पुडी साध्या पाण्यात बुडवा, वीसेक मिनिटांत सारखी वितळते. घाई नसेल तर रात्री खालच्या कप्प्यात. मायक्रोवेव्हमध्ये नको, कडा शिजतात.

जुळे_सोलापूरकरीण
हे सगळं पुढच्या मेसाठी. आताच्या दोन डब्यांचं बोला!

खवणीवाला
आज रात्री एक डबा खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी हुंगा. आंबूस किंवा दारूसारखा वास असेल, बुडबुडे दिसले, तर टाका, भातातही नको. वास चांगला असेल तर सुटलेलं पाणी फेकू नका, आंब्याची गोडी त्यातच आहे. वरचा थर काढून सगळं ढवळा, कढईत मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवा. ताटातला आमरस म्हणून तो आता उभा राहणार नाही, भाताला मात्र चालेल.

मंदाकाकू
म्हणजे शेवटी आटवायचाच!

विजापूरवेस
नारळ भाजून घ्या, वास जातो.

खवणीवाला
नाही जात. साबणासारखी चव म्हणजे खोबऱ्याचं तेल बिघडलंय, तुपात परतलं की उलट जास्त जाणवते. सहाच्या सहा नारळ गेले समजा. दोन ताजे आणा. आणि पुढे गोठवलाच, तर एकेक वाटीच्या पुड्या करा. भात, मोदक, भाजी यांना वितळवायची गरजच नाही, थेट कढईत. फक्त दूध काढायचं असेल तर कोमट पाणी घाला. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून गार चवातून दूध निघत नाही आणि आपण नारळाला नावं ठेवतो.

शेंगाप्रेमी
विषय निघालाच आहे तर, शेंगाचटणी फ्रीजरला टाकली तर टिकते का? मुलगा बंगळुरूला नेणार आहे.

तिरकस
सोलापुरात राहून शेंगाचटणी गोठवता? धन्य.

जुळे_सोलापूरकरीण
दोन्ही डबे हुंगले. एक ठीक आहे, थोडा पाणचट. आटवला, पाऊण किलोचा अर्धा किलो झाला, रंग जरा गडद. दुसरा उघडताच फुस्स आवाज आला, ओतून दिला. जीव तुटला हो. नारळ आणायला हे बाजारात गेलेत. रुपया वाटीत ठेवलाय. पण रविवारी बटण दाबलं नाही तर महिन्यानं तो कप्पा उघडेल तरी का?

खवणीवाला
उघडेल. बर्फ बोटभर झाला की एकदाच दाबा, आतलं सामान शेजारच्यांच्या फ्रीजला टाकून. सुरीनं मात्र खरवडू नका.

माढेकर
मी अजूनही विचारतोय, नारळी भाताला आंबा?