मदत हवी आहे: एक्सेलमध्ये काम लांबायचा चान्स काढताना पावसाचं काय करायचं?

कुपवाड एमआयडीसीत शेडचं काम घेतलंय, 45 दिवसांत द्यायचंय. पाया 20 ते 30 दिवस, त्याच वेळी वर्कशॉपात फॅब्रिकेशन, तेही 20 ते 30, आणि दोन्ही झाल्यावर उभारणी 10 ते 20. सरासरी धरली तर 40 च येतात, म्हणून मालक निवांत आहेत. मी 1000 ओळींत असं टाकलं:

```
A2: =20+10*RAND()
B2: =20+10*RAND()
C2: =10+10*RAND()
D2: =MAX(A2,B2)+C2
=COUNTIF(D2:D1001,">45")/1000
```

सरासरी 41.7 च्या आसपास आली, कारण दोघांत जो उशिरा संपतो त्याच्यासाठी थांबावंच लागतं, आणि लांबायचा चान्स 21 टक्के. F9 दाबलं की 19 ते 23 हलतो, तेवढं चालतंय.

पण पाऊस लागला तर पाया आणि उभारणी दोन्ही लांबणार ना, आणि इथं तर एकाच ओळीत पाया रखडतोय नि उभारणी झटक्यात होतेय! म्हणून E2 मध्ये एक `=RAND()` ठेवून A आणि C दोन्हीला तोच जोडला, तर चान्स 28 वर गेला. हे जरा जास्तच वाटतंय, उभारणी काय निव्वळ पावसावर नसते, क्रेन वेळेत मिळायला पाहिजे. अर्धवट संबंध कसा दाखवायचा, कुणी केलंय का?