अनुभव धागा: कॉलम न सांगता फॉर्म्युला मागितला, तेव्हा आधी काय विचारलंत?

धागाकर्ता

कापूस, केळी, मिरची यांचे हिशोब आता वहीतून शीटमध्ये आलेत. फोनवर निरोप येतो, तो असा: "F मध्ये ८ पेक्षा जास्त असेल तर जास्तीचं G मधून कापून H मध्ये आणा. फॉर्म्युला पाठवा." F म्हणजे काय, G म्हणजे काय, कुठल्या ओळीपासून कुठपर्यंत, याचा पत्ता नसतो. अशा वेळी लिहायला बसण्याआधी तुम्ही काय विचारलंत, आणि त्या उत्तरामुळे काय बदललं, ते इथे लिहा. सुरुवात मीच करतो.

वरचा निरोप चोपड्याकडच्या एका जिनिंगच्या मुनीमजींचा. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. निरोप वाचून जे सुचतं ते एवढंच:

```
=IF(F4>8,G4-(F4-8),G4)
```

हे तंतोतंत निरोपाप्रमाणे आहे आणि तरीही पूर्ण चुकीचं आहे, कारण F हा कापसाचा ओलावा होता आणि G हा क्विंटलचा भाव. टक्क्यातून टक्का वजा झाला, पण रुपयांतून वजा करताना तो रुपया झाला. १०.५ ओलाव्याच्या गाडीला ७००० भावातून अडीच रुपये कापले गेले असते.

आप्पांना मी एकच काम सांगितलं: "चार ओळी जशाच्या तशा पाठवा, आणि त्यांचं उत्तर हाताने काढून शेजारी लिहा. चारांत एक अडनिडी गाडी पाहिजे." या हाताच्या उत्तरांनी निम्मे प्रश्न मिटवले. ७००० भाव, १०.५ ओलावा, त्यांचं उत्तर ६८२५. म्हणजे अडीच टक्के, १७५ रुपये. अर्धा टक्काही धरतात. पूर्ण टक्क्याला चढवत असते तर ३ टक्के कापून ६७९० आलं असतं, उतरवत असते तर ६८६०. गाडीत १२४० किलो कापूस असेल तर ६८२५ ने ८४,६३० रुपये आणि ६७९० ने ८४,१९६. फरक ४३४ रुपयांचा, आणि तो शेतकऱ्याच्या पट्टीत.

मग विचारलं, कटती भावातून की वजनातून? आप्पा म्हणाले, "एकच ना ते." रकमेपुरतं खरंच एक आहे: १२.४० क्विंटल गुणिले ६८२५ करा किंवा १२.०९ क्विंटल गुणिले ७००० करा, ८४,६३० च येतात. पण वजनाचा कॉलम पुढे गोडाऊनच्या साठ्याला जोडलेला होता. वजनातून कापलं असतं तर साठ्यात प्रत्येक ओल्या गाडीमागे कापूस कमी दिसला असता. म्हणून भावातून.

ओलावा ८ च्या खाली आला तर भाव वाढवून देता का? नाही. १२ च्या वर गेला तर? सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतच नाहीत. इथे मात्र अशी गाडी शेठ स्वतः बघतात, भाव बोलून ठरतो. म्हणजे तिथे फॉर्म्युल्याने आकडा द्यायचाच नाही.

सगळ्यात अवघड ओळ निघाली ती ७ ओलाव्याची. काट्यावरच्या संगणकातून चिकटवलेले काही आकडे पेशीत डावीकडे सरकलेले होते, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. ते दिसायला आकडे, पण एक्सेलच्या लेखी मजकूर. आणि एक्सेल तुलना करताना कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं, म्हणून मजकुरातलं 7 हे 8 पेक्षा "मोठं" ठरतं. पुढे वजाबाकीत मात्र त्याच 7 चा आकडा होतो आणि 7-8 म्हणजे उणे एक. उणे एक टक्का कापला की ७००० चे ७०७० होतात! कोरड्या कापसाला कुणी न ठरवलेली वाढ, आणि एरर कुठेच नाही. ओलावा भरायचा राहिला असेल तरी एरर येत नाही: रिकामी पेशी शून्य धरली जाते आणि पूर्ण भाव लागतो.

एवढं कळल्यावर लिहिलं ते हे:

```
=IF(COUNT(F4:G4)<2,"तपासा",
 IF(F4>12,"तपासा",
 G4-G4*MAX(0,F4-8)/100))
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतं. रिकामी किंवा मजकुराची पेशी असली की दोन भरत नाहीत आणि "तपासा" येतं.

जिनिंगची_अकाउंटंट

दादा, एक प्रश्न तुमच्या लिहिण्यात आला नाही, तो मी नेहमी पहिला विचारते: ओलाव्याच्या पेशीत 10.5 आहे की 10.5%? टक्क्याचं फॉरमॅट लावून भरलं असेल तर आत 0.105 असतं. ते 8 पेक्षा कधीच मोठं होणार नाही, आणि एकाही गाडीला कटती लागणार नाही. पेशीवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बघितलं की कळतं, टक्क्याची खूण तिथेही दिसते. आमच्याकडे मागच्या मुनिमाने निम्म्या ओळी एका पद्धतीने आणि निम्म्या दुसऱ्या पद्धतीने भरल्या होत्या. अशा वेळी दोन्ही पद्धती सांभाळणारा फॉर्म्युला मी लिहीत नाही, आधी कॉलम एकसारखा करून घेते.

आणि पुढच्या कॉलमचं काय केलंत? आप्पांच्या E मध्ये किलो असणार. I मध्ये रक्कम `=E4/100*H4` असेल तर "तपासा" वाल्या ओळीत #VALUE! येईल आणि खालची बेरीजही #VALUE! होईल.

यावल_रोड

त्यात काय, IFERROR लावा आणि शून्य टाका. बेरीज चालू राहते.

रेंजचं म्हणाल तर मी सरळ आख्खा कॉलम घेतो, I:I. ओळी कितीही वाढल्या तरी हात लावायला नको. रेंज विचारायची गरजच पडत नाही.

जिनिंगची_अकाउंटंट

आख्खा कॉलम शेतकऱ्यानिहाय बेरजेला चालतो, ते तुमचं बरोबर आहे. `=SUMIFS(I:I,B:B,L2)` मध्ये नाव जुळलेल्या ओळीच येतात. पण रोजच्या गाड्यांखाली त्या दिवसाची बेरीज लिहायची पद्धत असेल, तर `=SUM(I:I)` ला गाडीही सापडते आणि तिचीच बेरीजही. उत्तर बरोबर दुप्पट येतं. दुप्पट आलं की मी आधी मधल्या बेरजाच शोधते. त्या ठेवायच्याच असतील तर रोजची बेरीज SUBTOTAL(9,…) ने करा आणि शेवटचीही SUBTOTAL नेच. ती स्वतःसारख्या मधल्या बेरजा सोडून देते. शेवटची बेरीज मात्र I च्या बाहेर लिहा, नाहीतर ती स्वतःलाच मोजायला जाते आणि एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची सूचना देतं.

शून्याला माझा सक्त विरोध. भाव ठरायचा असलेली गाडी शून्य रुपयांची दिसली तर त्या शेतकऱ्याची पट्टी कमी रकमेची निघेल आणि छापली जाईल. #VALUE! दिसलं तर निदान मुनीम थांबतो. SUMIFS मध्ये तर ज्याची गाडी अडली आहे त्याच्याच बेरजेत एरर येतो, बाकीच्यांच्या पट्ट्या निघतात.

यावल_रोड

ताई, संध्याकाळी शेठ बेरीज विचारतो तेव्हा #VALUE! दाखवून चालत नाही. मी शून्य ठेवतो आणि वर `=COUNTIF(H4:H500,"तपासा")` लावतो, म्हणजे किती गाड्या बाकी आहेत ते दिसतं.

जिनिंगची_अकाउंटंट

मोजणी वर आहे हे चांगलंच. पण पट्टी छापताना वर कोण बघतं? मला अजून पटलेलं नाही. आणि बघा, तुमची मोजणी ५०० ओळीलाच थांबते.

तापीकाठ

शीर्षकं दिसत नसतील तर व्ह्यूमध्ये जाऊन फ्रीझ पेन्स करा. वरची ओळ हलत नाही, खाली गेलं तरी कॉलमची नावं दिसतात. मी प्रत्येक शीटला करतो.

धागाकर्ता

तापीकाठ, ते उपयोगी आहेच. पण इथे प्रश्न न दिसणाऱ्या नावांचा नाही. मागणाऱ्याने नावं सांगितलेलीच नसतात, कधी शीटमध्येही लिहिलेली नसतात, आणि तरी फॉर्म्युला हवा असतो.

फैजपूरची_सून

माझा अनुभव केळीचा. सासऱ्यांच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्यांनी विचारलं, "नाव C मध्ये, रक्कम J मध्ये, शेतकऱ्याची बेरीज काढून दे." एवढं सरळ वाटल्यावर विचारायचं काय? तरी मी शीटचा फोटो मागवला. एका शेतकऱ्याच्या बागेतून दोन-तीन गाड्या भरल्या की तेवढ्या ओळींवर नाव एकदाच, पेशी जोडून, मधोमध लिहिलेलं. कागदासारखं सुंदर दिसतं. पण जोडलेल्या पेशीत नाव फक्त वरच्या ओळीत असतं, खालच्या ओळी रिकाम्याच. SUMIFS ला तीन गाड्यांपैकी पहिलीच सापडली असती आणि बेरीज खरीच वाटली असती. फिल्टर लावून एक नाव निवडून बघा, एकच ओळ उरली तर हाच रोग.

मग पेशी सोडवल्या. कॉलम निवडून F5, स्पेशल, ब्लँक्स; मग = टाइप करून वरच्या बाणाची कळ आणि Ctrl+Enter. रिकाम्या जागी वरचं नाव उतरतं. पण आधी त्या व्यापारी काकांना विचारलं, "नाव नसलेली एखादी ओळ खरंच निनावी असते का?" होती. रस्त्यावर फुटकळ विकलेल्या मालाची. ती वरच्या शेतकऱ्याच्या नावावर चढली असती.

पथारीवाला

नंदुरबार. मिरची. आमच्या शीटमध्ये दोन कॉलमना "वजन" हेच नाव आहे, एक ओल्या मिरचीचं, एक पथारीवरून वाळून आलेल्याचं. भावाने मला सांगितलं, "वजनाला भावाने गुण." मी म्हटलं, "भो, हाई काय शे? कोणतं वजन?" तो म्हणाला, खरेदीला ओलं, विक्रीला कोरडं. आता अडचण अशी की एकाच दिवशी दहा जणांची ओली मिरची पथारीवर एकत्र पडते आणि वाळून एकच ढीग होतो. कोरड्या वजनाच्या ओळी ओल्या ओळींशी जुळतच नाहीत. कोणाच्या मिरचीत किती घट आली हे ओळीनिहाय काढायचा फॉर्म्युला मागतात, काय सांगू?

धागाकर्ता

ओळीनिहाय घट या शीटमधून निघणार नाही, कारण ते मोजलेलंच नाही. ढिगाला एक क्रमांक द्या आणि तो ओल्या आणि कोरड्या, दोन्ही ओळींत लिहा; मग ढीगनिहाय घट SUMIFS ने निघेल. माणसागणिक हवी असेल तर ओल्या वजनाच्या प्रमाणात वाटता येते, पण ती वाटणी असेल, मोजमाप नाही. भाऊंना ती चालेल का, ते आधी विचारा. आणि ढीग एकाच दिवशी उचलतात की थोडा थोडा?

पथारीवाला

थोडा थोडा. भाऊला विचारून लिहितो.