मदत हवी आहे: शिफ्ट सुरू होतेय आणि पंच होत नाहीये (तातडीचं)

रोस्टरग्रस्त, संध्या. ६:२२

साडेसहाची शिफ्ट आहे. हजेरीच्या पोर्टलला कंपनीच्या मेल आयडीनेच शिरावं लागतं. पासवर्ड घेतो, मग स्क्रीनवर दोन आकडी नंबर येतो आणि गाडी तिथेच अडते. फोनवर काहीच येत नाही. १५ मिनिटं ग्रेस आहे, त्यानंतर हाफ डे लागतो आणि महिन्याचा इन्सेन्टिव्हही बोंबलतो. पासवर्ड बरोबर आहे, नेट चालू आहे, काल सगळं नीट झालं होतं.

"आयटीला विचारा" एवढं सांगू नका प्लीज. तिकीट काढायचं पोर्टलही त्याच लॉगिनमागे आहे.

घड्याळजी, ६:२५

फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का? हे कोड ३० सेकंदांनी बदलतात. फोनचं घड्याळ मागे-पुढे असेल तर कोड चुकीचाच ठरतो. आमच्याकडे एकाने गेमसाठी तारीख पुढे ढकलून ठेवली होती, सकाळभर तो आयटीला शिव्या घालत बसला होता.

हेडसेटवाला, ६:२८

घड्याळजी, ते सहा आकडी कोडला लागू आहे. यांना स्क्रीनवर दोन आकडी नंबर दिसतोय, म्हणजे फोनवर विनंती यायला हवी आणि त्यात तो नंबर टाकायचा. इथे घड्याळाचा दोष नाही.

मी अशाच एका हेल्पडेस्कवर रात्रपाळी करतो. रोस्टरग्रस्त, तीन गोष्टी सांगा. अॅप कोणतं? कालपासून आजपर्यंत फोन बदलला, रीसेट केला किंवा अॅप काढून परत टाकलं का? आणि फ्लोअरवर फोन चालतो की लॉकरमध्ये ठेवावा लागतो?

रोस्टरग्रस्त, ६:३१

मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर. फोन लॉकरमध्येच ठेवतात, म्हणून पंच बाहेरच्या किऑस्कवर करतो, तिथूनच लिहितेय. फोन आज दुपारी नवीन घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला. पण त्याचा काय संबंध? सिम तेच आहे, नंबर तोच आहे. दुकानातल्या मुलाने सगळा डेटा इकडे घेऊन दिलाय, अॅपमध्ये माझं अकाउंटसुद्धा दिसतंय!

बॅकअपबहाद्दर, ६:३३

मग सोपं आहे. अॅपमध्ये लॉगिन करून बॅकअप रिस्टोर करा. मी फोन बदलला तेव्हा सगळे कोड आपोआप परत आले. दोन मिनिटांचं काम.

गुरुजी_जि_प, ६:३४

आमच्याकडे आधारवरची फेस हजेरी आहे, तिचीही हीच तऱ्हा. पावसाळ्यात वर्गात अंधार, चेहरा ओळखत नाही. मी बाहेर ओसरीत उजेडाकडे तोंड करून उभा राहतो, चष्मा काढतो, मग होते. करून पाहा ताई.

हेडसेटवाला, ६:३८

गुरुजी, इथे चेहऱ्याचा प्रश्न नाही हो.

बॅकअपबहाद्दर, तुम्ही गूगलचं ऑथेंटिकेटर वापरत असणार. ते २०२३ पासून कोड गूगल खात्यात ठेवतं, त्यामुळे नव्या फोनवर परत येतात. मायक्रोसॉफ्टच्या अॅपमध्ये ऑफिसच्या खात्याचं तसं नाही. बॅकअपमधून खात्याचं नाव येतं, पण मंजुरी देणारी किल्ली जुन्या फोनमध्येच राहते. म्हणून ताईंना अकाउंट "दिसतंय". त्यावर टॅप केलं तर ते पुन्हा साइन इन करा नाहीतर क्यूआर स्कॅन करा असं सांगेल. साइन इन करायला गेलं की मंजुरी परत जुन्या फोनवर मागेल. जुना फोन दुकानात, बहुधा पुसूनही झाला.

मंजुरीची विनंती सिमवर येत नाही. ज्या फोनवर नोंदणी झाली त्याच अॅपच्या त्याच प्रतीकडे ती जाते. नंबर तोच असल्याचा फायदा फक्त एसएमएस किंवा कॉलचा पर्याय आधी नोंदवलेला असेल तर.

ते आत्ताच बघा. जिथे दोन आकडी नंबर दिसतोय तिथे खाली I can't use my Microsoft Authenticator app right now अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक करून पुढे काय काय पर्याय येतात ते लिहा.

रोस्टरग्रस्त, ६:४१

दोनच. एकात अॅपवर मंजुरी, दुसऱ्यात Use a verification code. दुसरा घेतला तर सहा आकडी कोड मागतो.

हेडसेटवाला, ६:४३

तो कोडही त्याच अॅपमधला, म्हणजे तो दरवाजाही बंद. एसएमएस तुमच्या कंपनीने बंद ठेवलाय किंवा तुमचा नंबर तिथे कधी नोंदवलाच नाही. आता स्वतःहून काही होणार नाही, हेल्पडेस्कलाच करावं लागेल. पोर्टल बाजूला ठेवा, फोन करा. नंबर बहुतेक वेळा ओळखपत्राच्या मागे किंवा लॉगिन स्क्रीनच्या तळाशी असतो. नसेल तर तुमच्या टीम लीडरला तुमच्या नावाने तिकीट काढायला सांगा.

हेरंब_पुणे, ६:४४

एवढं कशाला? पासवर्ड रीसेट मारा, सगळं फ्रेश होतं. माझा अनुभव आहे.

हेडसेटवाला, ६:४६

नका मारू! पासवर्ड रीसेट करायलाही ओळख पटवावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी याच अॅपने. समजा झालाच, तरी दुसऱ्या टप्प्याची नोंदणी जुन्या फोनवरच राहते. शिवाय घाईघाईत चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला की खातं थोडा वेळ बंद पडतं, मग हेल्पडेस्कलाही आधी ते सोडवत बसावं लागतं.

हेरंब_पुणे, ६:४७

बरं, तोवर शेजारच्याच्या आयडीने लॉगिन करून काम तरी सुरू करा.

खराडीकर, ६:४९

हेरंबराव, नोकरी घालवायचा सल्ला देताय. दुसऱ्याच्या आयडीवर कॉल घेतला की दोघंही घरी जातात. मी डब्ल्यूएफएममध्ये रोस्टर-हजेरी बघतो, हे डोळ्यांनी पाहिलंय.

रोस्टरग्रस्त, लॉगिनची झटापट चालू राहू द्या, पण आधी पुरावा तयार करा. गेटवर कार्ड स्वाइप झालंय ना? ती वेळ सिस्टिममध्ये आहे. अडकलेल्या स्क्रीनचा फोटो घ्या, कोपऱ्यातली वेळ दिसली पाहिजे. टीएलला आत्ताच दोन ओळी पाठवा: "अमुक वाजल्यापासून किऑस्कवर आहे, लॉगिन होत नाही, हेल्पडेस्कला कळवलं आहे." रेग्युलरायझेशनच्या वेळी आम्ही स्वाइपची वेळ आणि तिकिटाची वेळ जुळवतो. तिकीट शिफ्ट संपल्यावर निघालं असेल तर कोणी ऐकत नाही.

रोस्टरग्रस्त, ६:५८

टीएलने तिकीट काढलं. हेल्पडेस्कचा फोन आला, एम्प्लॉयी आयडी आणि जन्मतारीख सांगितली तरी म्हणे पुरेसं नाही, मॅनेजर व्हिडिओ कॉलवर येऊन ओळख पटवेल. मॅनेजर ट्रॅफिकमध्ये!! मी गेटच्या आत उभी आहे, गळ्यात कार्ड आहे, अजून काय पाहिजे यांना?

हेडसेटवाला, ७:०२

चिडणं साहजिक आहे, पण त्या माणसाचं बरोबर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम रिसॉर्ट्स या कसिनो-हॉटेल कंपनीवर मोठा सायबर हल्ला झाला. चोरांनी हेल्पडेस्कला फोन करून आपण कर्मचारी असल्याची बतावणी केली होती. एम्प्लॉयी आयडी आणि जन्मतारीख आज कोणालाही मिळते. मॅनेजर नसेल तर दुसरा कोणी ओळख पटवू शकतो का, एवढं विचारा. काही ठिकाणी टीएल चालतो.

तोवर पुढचं समजून घ्या. ते तुम्हाला बहुधा टेम्पररी अॅक्सेस पास देतील. तो अक्षरं-आकड्यांचा लांब कोड असतो आणि साधारण तासभर चालतो, कंपनीने कमी-जास्त ठेवला असेल तर वेगळं. इथे बरेच जण फसतात: तो सहा आकडी कोडच्या चौकटीत टाकायचा नसतो. मेल आयडी टाकल्यावर पासवर्डऐवजी तोच विचारला जातो, तिथे टाकायचा.

आत शिरल्यावर पंच करून पळू नका. पास संपला की उद्या पुन्हा हेच रामायण. त्याच बैठकीत हे उघडा:

```
https://aka.ms/mysecurityinfo
```

तिथे Add sign-in method मधून ऑथेंटिकेटर निवडा, क्यूआर येईल. फोनमधल्या अॅपमध्ये आधी ते नुसतं नावापुरतं अकाउंट काढून टाका, मग + करून Work or school account घ्या आणि क्यूआर स्कॅन करा. चाचणीची विनंती नव्या फोनवर आली की मगच यादीतला जुना फोन डिलीट करा. पास एकदाच चालणारा असेल तर हे सगळं लॉगिननंतर दहा मिनिटांत उरका. म्हणून लॉकरमधला फोन आधी हातात घ्या आणि मगच पास टाका. क्यूआर समोर आणि फोन लॉकरमध्ये, असं होऊ देऊ नका.

मुक्त_पाखरू, ७:०६

मुळात कंपनीचं अॅप स्वतःच्या फोनवर का घ्यायचं? फोन आपला, नेट आपलं, आणि फोन बदलला की पगार आपला कापणार. कंपनीने छोटं टोकन द्यावं किंवा यूएसबी किल्ली. मी लिहून दिलं, मला मिळाली.

हेडसेटवाला, ७:०९

किल्ली चांगली, फोनबंदीच्या फ्लोअरवर तर सोयीचीच. पण ती घरी विसरली किंवा हरवली की हेल्पडेस्कसमोर तुम्ही पण याच रांगेत. आणि किऑस्कचे यूएसबी पोर्ट बहुतेक ठिकाणी बंद असतात.

मुक्त_पाखरू, ७:११

पोर्ट बंद ठेवणारेही तेच आणि फोन लॉकरमध्ये ठेवायला लावणारेही तेच. मग पंच काय टेलिपथीने करायचा?

खराडीकर, ७:१२

धाग्याचं काश्मीर करू नका राव. ताईंचं होऊ द्या.

रोस्टरग्रस्त, ७:५४

झालं एकदाचं! टीएल व्हिडिओ कॉलवर आला, पास मिळाला. पहिल्यांदा पास टाकायची चौकट आलीच नाही, पासवर्डच मागत होता. हेल्पडेस्कवाल्याने ब्राउझरची खासगी विंडो उघडायला लावली, मग आली. क्यूआर स्कॅन केला, विनंती नवीन फोनवर आली, जुना फोन यादीतून उडवला. पंच ७:४६ चा पडलाय.

टीएल म्हणतो रेग्युलराइझ करू. एचआरचं म्हणणं "फोन बदलणं ही वैयक्तिक बाब आहे", हाफ डे राहील. खराडीकर, हे बरोबर आहे का?

खराडीकर, ८:०१

आमच्याकडे गेटचा स्वाइप ६:३० च्या आधीचा असला की आम्ही देतो. तुमच्या एचआरचं धोरण वेगळं असू शकतं, ते लेखी मागा. मेलमध्ये स्वाइपची वेळ, तिकिटाचा नंबर आणि टीएलचा दुजोरा टाका. तोंडी वाद घालू नका, तोंडी हाफ डे कधीच परत येत नाही.

मुक्त_पाखरू, ८:०३

कंपनीचं दार उघडायला माझा फोन लागतो तेव्हा तो वैयक्तिक नसतो का?

नवखा_बीपीओ, ८:१०

हा धागा वाचून घाम फुटला. उद्या माझा फोन एक्स्चेंजला जाणार आहे. आधी काय करू? आणि जुना फोन देताना अॅप नुसतं डिलीट केलं तर चालेल का?

हेडसेटवाला, ८:१४

एक्स्चेंज दोन दिवस पुढे ढकला. दोन्ही फोन हातात असताना वर दिलेल्या पानावर जा, जुन्या फोनने मंजुरी द्या आणि नवीन फोन यादीत जोडा. एका खात्यावर पाच अॅप-टोकनपर्यंत चालतात, त्यामुळे जुना काढायची घाई नाही. एक अख्खी शिफ्ट नव्या फोनने पंच करून बघा, मग जुना यादीतून काढा आणि दुकानात द्या. नुसतं अॅप डिलीट केलं तर यादीत तो फोन तसाच राहतो आणि विनंत्या त्याच्याकडेच जात राहतात.

गुरुजी_जि_प, ८:२०

आणि ताई, चष्मा काढून पाहिला होतात का?