स्पर्धेत भेदभाव टिकतो का?

तळ्यातमळ्यात: एम.ए.ला गॅरी बेकर हा अर्थतज्ज्ञ शिकतोय. 1957च्या पुस्तकात तो म्हणतो की नावडीपायी भेदभाव करणारा मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. मग स्पर्धेने हे आपोआप संपायला हवं ना? पुस्तकाबाहेरचं एखादं उदाहरण आहे का?

हिशेबी: संपतंच. समजा, एका जातीच्या कामगाराला 30 रुपये आणि दुसऱ्या जातीच्या तेवढ्याच कसबी माणसाला 24. नावड असलेल्या मालकाला तो 24चा माणूसही मनातल्या मनात 30च्या वर पडतो, म्हणून तो घेत नाही. शेजारच्या मालकाला जातीशी देणंघेणं नाही. तो अशीच माणसं भरतो, प्रत्येकामागे 6 रुपये वाचवतो, धंदा वाढवतो. त्या माणसांची मागणी वाढली की 24चे 26 होतात, 28 होतात. सगळे मालक सज्जन असायची गरज नाही, पुरेसे असले की झालं. बाजार कुणाचं आडनाव विचारत नाही.

नलूची पोळीभाजी: बाजार नसेल विचारत, गिऱ्हाईक विचारतं! माझ्याकडे पोळ्या लाटायला एक बाई होत्या, हात इतका हलका की घडीची पोळी गार झाली तरी मऊ. डबेवाल्या तीन घरांनी विचारलं, "लाटणारी कोण?" मी खरं आडनाव सांगितलं. दोन घरांनी पुढच्या महिन्यापासून डबा बंद केला. आता सांगा, माझं नुकसान भेदभाव केल्यामुळे झालं की न केल्यामुळे?

हिशेबी: ताई, तुमचं वाईट झालं, पण प्रश्न मालकाच्या नावडीचा आहे, गिऱ्हाइकाच्या नाही.

गिरणगावकर: प्रश्न परत वाचा, त्यात नावड कुणाची ते नीट सांगितलेलंच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. बेकरनेही मालक, सहकामगार आणि गिऱ्हाईक हे तिन्ही वेगळे धरलेत.

मुंबईच्या गिरण्यांचं घ्या. जुन्या साच्यावर, म्हणजे मागावर, सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा. दिवसभर हेच. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी कपडाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलितांना येऊ दिलं नाही. त्यांना कमी पगाराच्या कताईत, रिंगखात्यात ठेवलं. विणकर मात्र उक्त्यावर काम करायचा आणि बरंच जास्त कमवायचा.

गंमत अशी की रिंगखात्यात त्याच कामाला दलिताला नि मराठ्याला दर एकच. "समान कामाला समान दाम" तपासायला कुणी गेलं असतं तर दरी शून्य निघाली असती. दरी दरात नव्हती, कपडाखात्याच्या दारात होती.

आता हिशेबींचंच गणित. खात्यात 100 विणकर. मालकाने 6 रुपये वाचवायला एक दलित विणकर घेतला आणि उरलेल्या 99 जणांनी नावडीपोटी महिन्याला एकेक रुपया जास्त मागितला, तर 6 वाचवायला 99 खर्च. मालक कितीही निधर्मी असो, तो दार बंदच ठेवणार. इथे स्पर्धा भेदभावाच्या बाजूने उभी राहते.

हिशेबी: अख्खं खातंच दलितांचं करायचं! मग भांडण कुणाशी? 100 गुणिले 6, महिन्याला 600 खिशात. बेकरचंही उत्तर हेच आहे, कामगार वेगळे बसतील पण पगार सारखे होतील.

गिरणगावकर: कागदावर पटतं. पण ते 100 शिकलेले विणकर एकदम आणायचे कुठून? साचा शिकायचा तो नातेवाइकाच्या नाहीतर गाववाल्याच्या शेजारी उभं राहून, आणि भरती जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या हातात. दार बंद म्हणून कसब नाही, कसब नाही म्हणून दार बंद. एकेक माणूस घ्यावा तर 99चा खर्च, शंभर एकदम घ्यावेत तर शंभर मिळत नाहीत. अहमदाबादेतही कताईत दलित आणि विणकामाला बंदी, असंच होतं.

तळ्यातमळ्यात: पण तेव्हा परदेशी कापडाची स्पर्धाही जबर होती ना? खर्च तर कापायलाच हवा होता.

गिरणगावकर: कापला की. पण विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावून. 1928चा मोठा संप अशाच बदलांवरून पेटला. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे आग्रह धरला की कपडाखातं दलितांना खुलं करायची मागणीही घ्या. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. मालकांचं म्हणणं, बंदी आम्ही घातलेलीच नाही. हे अर्धं खरंही होतं, म्हणून तर त्यांना ते बोलायला सोपं गेलं. 1938 साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर आंबेडकर पुन्हा याच बंदीबद्दल बोलत होते. दहा वर्षं, आणि स्पर्धा काही कमी झाली नव्हती.

हिशेबी: ठीक, सहकामगाराच्या बाबतीत मी घाई केली. पण हात लावून सूत भरता येणारा धोटा आला की हे सगळं कोसळायला हवं. म्हणजे यंत्राने केलं, आणि यंत्र स्पर्धेमुळेच येतं.

गिरणगावकर: धोट्याचं कारण गेलं असतं, मान्य. पण मग पाण्याच्या माठाचं काय? आणि जॉबर तोच असला तर?

नलूची पोळीभाजी: माझ्या त्या बाई आता दुसऱ्याकडे लाटतात. तिथे आडनाव सांगितलेलं नाही म्हणे.