मदत हवी आहे: प्लास्टरच्या आत खाज, आणि पेनाचं टोपण आत गेलंय

सायली_आई: मुलगा ८ वर्षांचा. मनगटाजवळचं हाड मोडलंय, कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर, आज दहावा दिवस. खाज असह्य होते म्हणून पेनाने खाजवत होता, त्यात टोपण आत सटकलं. बोटं हलतात, ताप नाही. चिमट्याने काढून बघू का?

तिरपागडा: हात उलटा धरून हलवा, पडेल. खाजेसाठी थोडी टाल्कम पावडर टाका आणि हेअर ड्रायरची हवा सोडा.

अस्थिमित्र: ड्रायर चालेल, पण फक्त थंड हवेवर. गरम हवेने कातडी भाजू शकते, घामही वाढतो. पावडर मात्र नको, घामात भिजून तिचे खडे होतात आणि तेच टोचत राहतात.

सायलीताई, चिमटा अजिबात घालू नका. टोपण आणखी वर सरकेल आणि आतला कापूस गोळा होईल. प्लास्टर आणि कातडी यांच्यामध्ये तेवढीच गादी असते. ती सरकली की कडक कडा थेट कातडीवर दाबते. पट्टी, विणायची सुई, हँगरची तार यांनीही हेच होतं, शिवाय ओरखडा उठला तर तो दिसत नाही आणि ओलसर उबेत चिघळतो. टोपण एकाच जागी दाबत राहिलं तर तिथे जखम होईल, म्हणून प्लास्टर उघडावंच लागेल. प्लास्टिक एक्स-रेत बहुधा दिसत नाही, तेव्हा काय आणि कुठून गेलं ते डॉक्टरांना नीट सांगा.

मोगरा२१: प्लास्टर काढल्यावर कोमट पाण्याने धुऊन तेल लावा, सालपटं हळूहळू जातात.

अस्थिमित्र: ते नंतरचं झालं. आत्ता तेल आत गेलं तर कातडी मऊ पडून सोलवटेल.

सायली_आई: आज रात्रीच जावं का? आणि तोवर खाजेचं काय?

अस्थिमित्र: हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बाहेरून बोटांनी टकटक करा. पिशवीत बर्फ घालून ती कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि प्लास्टरवर १५ मिनिटं धरा, पाणी मुरू देऊ नका. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आता नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, दुसऱ्या हाताशी ताडून बघा. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली, मुंग्या आल्या, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं किंवा तुम्ही बोट हळूच सरळ केल्यावर तो कळवळला, तर सकाळची वाट बघू नका. ताप, कुबट वास, प्लास्टरवर ओला डाग दिसला तरी त्याच दिवशी दाखवा. एकाच जागी आग होत होती आणि ती आपोआप थांबली, तर त्यानेही निश्चिंत होऊ नका. कधी कधी तिथली कातडी मेलेली असते.

तिरपागडा: यातलं काही नसेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नसावी.

अस्थिमित्र: मी तरी आत्ताच फोन करून विचारलं असतं. मूल झोपलं की आग होतेय हे सांगणार कोण?

सायली_आई: नख लगेच गुलाबी होतंय. पण अंगठ्याच्या बुडाशी टोचतंय म्हणतो. फोन लावतेय.