मदत हवी आहे: बाबांचं बीपी मुळातच कमी, मग बीपीच्या गोळ्या कशाला?

कृष्णाकाठची

नमस्कार. बाबा 63 वर्षांचे, आईबरोबर सांगलीला असतात. मी पुण्यात. जूनमध्ये त्यांना रात्री आडवं झालं की दम लागायला लागला, पाय सुजले. इको केला तर ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण, 28 टक्के. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले नाहीत. हृदयाचा स्नायूच सैल पडून मोठा झालाय, असं डॉक्टर म्हणाले.

घरी पाठवताना पाच गोळ्या दिल्या: टॉर्सेमाइड 20, रॅमिप्रिल 2.5, मेटोप्रोलॉल सक्सिनेट 25, स्पायरोनोलॅक्टोन 25 आणि डापाग्लिफ्लोझिन 10. सूज पूर्ण उतरली, वजन 71 वरून 64 वर आलं. पण बीपी 98/62 असायचं आणि अंघोळ करून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.

शेजारच्या काकांनी चिठ्ठी बघितली. ते म्हणाले, रॅमिप्रिल आणि मेटोप्रोलॉल तर बीपीच्या गोळ्या, मी दहा वर्षं घेतोय, तुमचं बीपी आधीच एवढं कमी, जीव द्यायचाय का? कोपऱ्यावरच्या दुकानदाराने भर घातली की टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन अशा दोन-दोन पाण्याच्या गोळ्या कशाला. बाबांनी रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन अशा तिन्ही बंद केल्या. आज चौथा दिवस. आणि खरी अडचण ही की त्यांना बरं वाटतंय! चक्कर कमी आहे, तरतरी आहे. आता मी काय सांगून पटवू? पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे.

औषधवाला

ताई, मी वीस वर्षं काउंटरवर आहे. गोळ्या परस्पर बंद करायच्या नसतात हे बरोबर, पण घाबरू नका. मुख्य गोळी टॉर्सेमाइड, ती चालू आहे. दम आणि सूज तीच कमी करते. बाकीच्या हृदयावरचा भार हलका करतात, सपोर्टला असतात. बीपी शंभरच्या खाली गेलं की त्या थांबवतातच. बरं वाटतंय म्हणजे शरीर सांगतंय ना.

सुनंदा_ठाणे

माझ्या सासूबाईंनाही हार्ट फेल्युअर सांगितलंय. त्यांचा ईएफ 60 आहे. त्यांना मेटोप्रोलॉल वगैरे काही नाही, फक्त पाण्याची गोळी आणि ते डापा. आम्हाला कमी औषधं दिली की काय?

डॉ_वाटसरू

मी फिजिशियन आहे, पण तुमच्या बाबांना तपासलेलं नाही. म्हणून पहिली गोष्ट: बारा दिवस थांबू नका. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना आजच फोन करून 'चार दिवस बंद आहेत' हे स्पष्ट सांगा. आपल्या मनाने एकदम पूर्ण डोसवर परत जाऊ नका, राहिलेले डोस भरून काढायला दुप्पट तर अजिबात घेऊ नका.

तोवर एक करा. बाबांना पाच मिनिटं शांत बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला सांगा, आणि घरी जाताना किती होती ते कागदात बघा. उत्तर आलं की पुढे बोलतो.

औषधवालेसाहेब, अर्धं तुमचं बरोबर आहे. दम आणि सूज टॉर्सेमाइडच उतरवते. पण तिने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. आयुष्य वाढवणाऱ्या नेमक्या त्याच तीन गोळ्या आहेत, ज्या बाबांनी बंद केल्या. चौथी डापा.

कृष्णाकाठची

फोन केला, डॉक्टर उद्या सकाळी बघतो म्हणाले. नाडी आज 94 आहे. डिस्चार्ज कार्डावर 68 लिहिलंय. बीपी 112/70. वजन 64.3, पायावर सूज नाही. नाडीचा काय संबंध?

डॉ_वाटसरू

सगळा संबंध तिथेच आहे. जरा लांबण लावतो.

हृदय कमी रक्त ढकलायला लागलं की शरीराला ते 'हृदय दुबळं झालंय' असं कळत नाही. त्याला एवढंच कळतं की दाब पडतोय, किडनीला रक्त कमी येतंय. आणि आपल्या पूर्वजांमध्ये असं व्हायचं ते बहुतेक वेळा जखमेतून रक्त वाहून गेल्यावर किंवा हगवणीने पाणी आटल्यावर. तेव्हा जी धावाधाव शरीर करायचं, तीच ते आजही करतं. ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं सोडून नाडी वाढवतं. किडनीतून रेनिन सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. त्याच्या पाठोपाठ अल्डोस्टेरॉन येतं, ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं.

रक्तस्राव असेल तर या उपायाने दोन-चार तास निभतात, तेवढ्यात जीव वाचतो. इथे मात्र जखम भरतच नाही, म्हणून ही धावाधाव महिनोन् महिने चालू राहते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध दुबळं हृदय जोर लावतं, साठलेल्या पाण्याने ते आणखी ताणतं. शिवाय ही रसायनं थेट स्नायूवर परिणाम करतात: पेशी मरतात, मध्ये चिवट तंतू वाढतात, ठोक्यांची लय बिघडून अचानक मृत्यूही होतो. म्हणजे मूळ आजारापेक्षा शरीराचा बचावच जास्त नासधूस करतो.

त्या तीन गोळ्या हा बचाव तीन ठिकाणी अडवतात. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही, मेटोप्रोलॉल ॲड्रेनलिनची हाक हृदयापर्यंत पोचू देत नाही, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला आडवं येतं. बीपी उतरतं तो त्यांचा जोडपरिणाम. काकांच्या चिठ्ठीतली गोळी तीच असली तरी तिचं काम वेगळं आहे.

आता बाबांची नाडी 94 आणि तरतरी. मेटोप्रोलॉलने झाकलेलं ॲड्रेनलिन परत मोकळं झालंय. थकलेल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावलं जोरात जातो, तसं आहे हे.

गप्पिष्ट

पण डॉक्टर, हृदय दुबळं असेल तर त्याला जोर देणारं औषध द्यायचं, की त्याला आणखी मंद करणारं? मला तर हे उलटं वाटतं.

डॉ_वाटसरू

तुम्हालाच नाही, सगळ्या वैद्यकालाच ते उलटं वाटत होतं. आमच्या जुन्या पुस्तकांत हार्ट फेल्युअरमध्ये बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधं, देऊ नये असंच असायचं. जोर देणारं औषधही करून बघितलं. मिलरिनोन नावाचं. 1991 साली त्या चाचणीचे आकडे आले: गंभीर रुग्णांत मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू 28 टक्क्यांनी जास्त. हृदय जोरात चाललं आणि माणसं लवकर गेली.

उलट्या बाजूने स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी 1975 मध्येच अशा सात रुग्णांना बीटा-ब्लॉकर देऊन सुधारणा दाखवली होती. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. 1999 मध्ये बाबांच्याच मेटोप्रोलॉल सक्सिनेटची सुमारे चार हजार रुग्णांवर चाचणी झाली. वर्षाला शंभरातले 11 जायचे तिथे 7 गेले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनचीही आली: गंभीर रुग्णांत दोनेक वर्षांत 46 टक्के मृत्यू होत होते, ते 35 टक्के झाले. रॅमिप्रिलच्या गोतावळ्यातल्या एनालाप्रिलने तर 1987 सालीच अगदी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सहा महिन्यांतले मृत्यू 44 वरून 26 टक्क्यांवर आणले होते.

एक मात्र खरं, बीटा-ब्लॉकरने पहिले काही आठवडे थकवा येऊ शकतो. म्हणून पाणी उतरल्यावर, अगदी थोड्या डोसने सुरू करतात आणि दोन-दोन आठवड्यांनी दुप्पट करत नेतात. मेटोप्रोलॉल सक्सिनेटचं लक्ष्य 200 असतं. बाबा अजून पहिल्या पायरीवर आहेत.

सुनंदाताई, तुमच्या सासूबाईंचं हृदय आकुंचन नीट पावतं, ठोक्यानंतर सैल पडायला अडतं. त्या प्रकारात या तीन गोळ्यांनी एवढा ठोस फायदा दाखवलेला नाही. डापाने इस्पितळाच्या फेऱ्या कमी होतात. तुम्हाला कमी औषधं दिलेली नाहीत.

औषधवाला

आकडे मान्य. पण 98 बीपी आणि अंधारी, त्याचं काय? माणूस बाथरूममध्ये पडला तर?

डॉ_वाटसरू

रास्त प्रश्न आहे. नुसत्या 98 या आकड्याला मी घाबरत नाही, अंधारीला घाबरतो. पण मग पाच गोळ्यांतली कुठली कमी करायची हे बघायला हवं. बाबांची सूज गेली, सात किलो पाणी गेलं, तरी टॉर्सेमाइड 20 तशीच चालू आहे. भरलेली टाकी उपसायला लावलेला पंप टाकी रिकामी झाल्यावरही चालू ठेवल्यासारखं. बहुतेक वेळा आधी ती कमी करून बघतात, सगळ्या गोळ्या एकदम सकाळी न घेता विभागतात, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं काही चालू आहे का ते विचारतात. त्या तीन गोळ्यांना हात सर्वांत शेवटी. तरी तुमच्या बाबतीत काय करायचं, ते उद्या तपासणाऱ्यांनीच ठरवायचं.

शेवटचा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन किती होता?

कृष्णाकाठची

दोन आठवड्यांपूर्वीचा: क्रिएटिनिन 1.3, आधी 1.1 होता. पोटॅशियम 5.3, त्यावर लाल खूण आहे. टॅमसुलोसिन नाही. किडनी खराब होतेय का?

डॉ_वाटसरू

1.1 चा 1.3 म्हणजे साधारण 18 टक्के वाढ. किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी नळी अँजिओटेन्सिनने आवळून धरलेली असते, रॅमिप्रिलने ती सैल होते, गाळणीतला दाब थोडा उतरतो. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो. पोटॅशियम मात्र हलक्यात घेऊ नका. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही ते वाढवतात. 5.5 च्या वर गेलं की स्पायरोनोलॅक्टोन अर्धी करतात, 6 च्या वर बंद, कारण तिथून हृदयाचे ठोकेच बिघडतात. घरात मीठ कुठलं वापरता? शहाळी? गुडघेदुखीच्या गोळ्या?

कृष्णाकाठची

आईने बाबांसाठी मुद्दाम 'लो सोडियम' मीठ आणलंय, जूनपासून. आणि अशक्तपणा म्हणून रोज एक शहाळं.

डॉ_वाटसरू

सापडलं. त्या मिठात सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मीठ साधंच आणा, फक्त कमी घाला. शहाळं थांबवा. उद्या मीठ आणि शहाळ्याचं आधी सांगा, नाहीतर दोष स्पायरोनोलॅक्टोनच्या माथी जाईल.

कृष्णाकाठची (तीन दिवसांनी)

दाखवून आलो. टॉर्सेमाइड 10 केली. मेटोप्रोलॉल साडेबारा मिलिग्रॅमपासून, रात्री. रॅमिप्रिल तेवढीच. त्या दिवशी पोटॅशियम 4.9 आलं, पण ते स्पायरोनोलॅक्टोन बंद असताना. म्हणून ती अर्धी सुरू करून आठवड्याने परत रक्त. आज नाडी 80, बीपी 102/64. अंधारी आज आली नाही. थकवा मात्र परत आलाय, बाबा कुरकुर करतायत.

काकांना मी मिलरिनोनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बरं, ईएफ पन्नास झाला की तरी बंद करता येतील ना?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

डॉ_वाटसरू

लंडनमध्ये हे करून बघितलंय, 2018 मध्ये निकाल आला. बाबांसारख्याच, पण ईएफ पूर्ण सुधारलेल्या रुग्णांची औषधं हळूहळू काढली. 25 पैकी 11 जणांचा आजार सहा महिन्यांत परतला. उरलेल्या 14 जणांना आधी ओळखायचं कसं, ते अजून कोणाला जमलेलं नाही.

सुनंदा_ठाणे

आमच्याकडेही तेच मीठ आहे! डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय पोटॅशियम. सासूबाईंना चालेल का?